मिळवायचे राहिलेले शून्य पॉइंट वीस

वर्षालीची आई डिसेंबरात गेली. दिवसकार्य झालं आणि दुसऱ्याच सकाळी वर्षाली जव्हारला लॅबमध्ये हजर. कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "बरंय." रडली नव्हती. रडू येत नव्हतं असंही नाही म्हणता येणार, काहीच येत नव्हतं. चहा गरम आहे का गार ते पिऊन झाल्यावरही कळायचं नाही.

लॅब म्हणजे दोन खोल्या. गावागावातून पाण्याच्या बाटल्या येतात, वर्षाली त्या तपासते आणि कागदावर आकडे लिहिते. कंत्राटी नोकरी, दरवर्षी मार्चमध्ये नवीन ऑर्डर. आश्रमशाळेतून निघालेली पोशेऱ्याकडची पोर, जव्हारच्या कॉलेजात बीएस्सी, मग नाशिकला एमएस्सी. तिच्या घरात याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. एमएस्सीला तिला एकच गोष्ट मनापासून आवडली होती, पूर्बे डायग्राम, म्हणजे धातू पाण्यात गंजेल का टिकेल ते दाखवणारा आलेख. वर्गातली बाकीची पोरं त्याला कंटाळायची आणि हिनं मात्र वहीच्या मागच्या पानावर लोखंडाचा, जस्ताचा, तांब्याचा, सगळ्यांचा काढून ठेवला होता.

आडवं मोजायचं पाण्याचं पीएच, उभं मोजायचं धातूचं पोटेन्शियल, म्हणजे व्होल्ट. दोन आकडे मिळाले की कागदावर एक ठिपका. तो ठिपका कुठल्या वाडीत पडला ते बघायचं, बस. लोखंडाच्या कागदावर अगदी तळाला एक पट्टा आहे, तिथं लोखंड लोखंडच राहतं, पाणी त्याला हात लावत नाही. त्याला इम्यून म्हणतात. त्याच्या वर डावीकडं, आंबट पाण्याच्या बाजूला, लोखंड विरघळतं. आणि वर उजवीकडं लोखंड स्वतःच्याच गंजाचं पातळ कवच अंगावर घेऊन गप्प बसतं, ते पॅसिव्ह.

हातपंपाच्या टीममध्ये देवरामदादा होता, पंचावन्नचा मेकॅनिक. अख्ख्या मोखाड्यातले पंप त्याला आवाजावरून ओळखू यायचे. वर्षालीनं त्याला पहिल्यांदा तो कागद दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत बसला होता.

"म्हणजे हा खालचा मालक," तो म्हणाला, "हा डावीकडचा कर्जात बुडालेला, आणि हा वरचा गोधडी घेऊन झोपलेला."

"तसंच," वर्षाली म्हणाली.

"मग मी गोधडीवाला."

तेव्हापासून त्याच्यासाठी तीन वाड्यांची नावं तीच.

जानेवारीत ऑफिसातून फोन आला. नवीन जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचा एकच सेट शिल्लक आहे, चौदा पाइप, आणि मागणी दोन पाड्यांची. खोडाळ्याच्या पुढचा काकडपाडा आणि पोशेऱ्याच्या खालचा बोरीचा पाडा. दोन्हीकडचे पाइप नऊ-नऊ वर्षांचे. बोअरमध्ये चाळीस मीटर पाइप लोंबकळत असतात आणि त्यांच्या टोकाला पंपाचा सिलेंडर. मधला एखादा जोड गंजून तुटला की खालचं सगळं बोअरमध्ये जातं. मग पंप गेला, बऱ्याचदा बोअरही गेली. एप्रिलमध्ये असं झालं तर बायकांना दरीतल्या झऱ्यावर जायचं, वाटीनं कळशी भरायची. साहेब म्हणाले, "तू मोजून सांग कुणाला जास्त गरज आहे. तुझा कागद बघून मी सही करतो."

बोरीचा पाडा वर्षालीच्या मावशीचा. चैतीमावशी, आईची सख्खी बहीण.

दोन्ही पाडे एकाच दिवशी करायचे ठरले. सकाळी काकडपाडा, दुपारी बोरीचा पाडा. देवरामदादा पंपाचं डोकं आणि टाकी उचलून बाजूला ठेवायचा, वर्षाली पाइपाला मीटरचा चिमटा लावायची आणि पाइप आणि केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या नळीच्या, मधल्या फटीतून लांब वायरचा चांदीचा इलेक्ट्रोड पाण्यापर्यंत सोडायची. मीटरवर आकडा स्थिर व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. काकडपाड्याला आकडा आला उणे ०.४०, पीएच ७.८. बोरीच्या पाड्याला उणे ०.६५, पीएच ६.१.

बोरीच्या पाड्यावर चैतीमावशी पंपाजवळच बसलेली. तिच्या मांडीवर हिरड्याचा तुकडा आणि एक दगड.

"बघ गं," ती म्हणाली, "सकाळची पयली कळशी मी काढते ना, त्यात हिरडा उगाळला की पाणी काळं होतं. शाईवानी. दहावी कळशी काढली की नाय होत. मी रोज बघते. चहाबी काळा होतो पयल्या पाण्याचा."

"बरं," वर्षाली म्हणाली.

"बरं काय. काय असतं त्यात?"

"बघते मी."

मावशीनं तिच्याकडं बघितलं. "तू जेवतेस का गं?"

"जेवते."

"नाय जेवत."

तिकडं जीपमध्ये मुकेश हॉर्न वाजवत होता. मुकेश ड्रायव्हर, भिवंडीत चार वर्षं गोडाऊनला काम करून आलेला, अर्धं हिंदीत बोलायचा. "मॅडम, चलो ना, मोखाड्याचा बाजार उठेल, मला कोंबडी घ्यायचीय." वर्षालीनं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेन्सिलनं दोन ठिपके काढले. काकडपाड्याचा ठिपका विरघळण्याच्या वाडीत पडला, रेघेच्या जरासा खाली. बोरीच्या पाड्याचा तळाच्या पट्ट्यात. इम्यून.

"काय निघालं?" देवरामदादानं विचारलं.

"काकडपाड्याचा बुडतोय. हा मालक आहे."

देवरामदादानं पंपाकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. "नक्की? इथलं पाणी लाल येतं सकाळी."

"जमिनीतच लोखंड असेल."

एवढंच बोलली ती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं, म्हणजे जेवढं तेव्हा वाटू शकत होतं तेवढं. स्वतःच्या मावशीच्या पाड्याच्या विरुद्ध निकाल आला होता. आता कुणी म्हणणार नव्हतं की पोरीनं आपल्या माणसांना पाइप दिले. उलट निघालं असतं तर तिनं तीन वेळा तपासलं असतं. हे असं निघालं म्हणून एकदाही तपासलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाइप काकडपाड्याला पोचले. पाड्यातली सगळी माणसं जमली होती. पाणी समितीचा चंदू पांढरा शर्ट घालून आलेला, ठाण्याच्या एका साइटवरून खास सुट्टी काढून. राहीआजीनं पंपाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. देवरामदादा आणि दोन गडी जुने पाइप वर ओढायला लागले. एकेक पाइप वर येतो, क्लॅम्प लावायचा, पाना लावून जोड सोडवायचा, पाइप बाजूला. वर्षाली नवीन पाइप खाली गेल्यावर मोजायला म्हणून थांबली होती, सावलीत, दगडावर.

सहावा पाइप निघाल्यावर देवरामदादा थांबला. त्यानं पाइपावरून अंगठा फिरवला, आटे बघितले, मग बाकीचे पाच परत एकदा उचलून बघितले.

"ताई," तो म्हणाला, "इकडं या जरा."

ती गेली.

"ह्या पायपांना काय झालंय?"

पाइप काळपट तपकिरी होते. जस्ताचा चकाकणारा थर कधीच गेलेला, पण त्यावर पातळ कडक असं काहीतरी बसलेलं, नखानं खरवडलं तर निघेना. आटे धडधाकट. भिंत जाड.

"हे बुडालेलं नाय," देवरामदादा हळूच म्हणाला. "हे गोधडीवालं आहे. मी तीस वर्षं पायप काढतो."

वर्षालीनं पिशवीतून रजिस्टर काढलं. तिथंच, पंपाच्या ओट्यावर बसून उघडलं. जानेवारीचं पान. तिच्या रजिस्टरमध्ये पाच रकाने असतात. गाव, पीएच, मीटरचा आकडा, मग अधिक ०.२०, मग शेवटचा आकडा जो कागदावर टाकायचा. अडीच वर्षं तिनं रोज तो चौथा रकाना भरला होता. कारण मीटर दाखवतो तो आकडा चांदीच्या इलेक्ट्रोडच्या मानानं असतो, आणि पूर्बेचा कागद काढलेला असतो हायड्रोजनच्या मानानं. दोघांत शून्य पॉइंट वीसचा फरक. ते मिळवल्याशिवाय ठिपका टाकायचाच नाही.

जानेवारीच्या पानावर चौथा रकाना कोरा होता. दोन्ही ओळींत कोरा. पाचव्यात मीटरचाच आकडा परत लिहिलेला, तिच्याच अक्षरात, सरळ, स्वच्छ.

तिनं पेन्सिल काढली. उणे ०.४० आणि ०.२०, म्हणजे उणे ०.२०. काकडपाड्याचा ठिपका वर सरकला, रेघ ओलांडून कवचाच्या वाडीत. उणे ०.६५ आणि ०.२०, म्हणजे उणे ०.४५. बोरीच्या पाड्याचा ठिपका पट्ट्यातून बाहेर आला आणि विरघळण्याच्या वाडीच्या बरोबर मध्ये जाऊन बसला.

आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली, जी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसली असती. लोखंड पाण्यात आपलं आपण त्या तळाच्या पट्ट्यात राहतच नाही. त्याला कुणीतरी खाली ओढून धरावं लागतं. नवीन पाइपावर जस्त असतं, ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला धरून ठेवतं, तेव्हा मीटर उणे एकच्या आसपास दाखवतो. नऊ वर्षांच्या पाइपावर, सहा पीएचच्या आंबट पाण्यात, जस्त कुठलं उरायला. उणे ०.६५ म्हणजे जस्त संपलं आणि आता लोखंड स्वतः चाललंय. पाण्यात लोखंड असलं की हिरड्यानं ते काळं होतं, मावशीची पहिली कळशी म्हणूनच काळी. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी. दहावी कळशी जमिनीतली, ती स्वच्छ. मावशीनं तिला सगळं सांगितलं होतं.

तिला वाटलं आता काहीतरी होईल आत. घाम येईल, रडू येईल. काही नाही झालं. ती ओट्यावरून उठली.

"पाइप खाली सोडू नका," ती म्हणाली.

चंदू जवळ आला. "काय झालं मॅडम?"

"हे पाइप तुमचे नाहीत. चूक झाली माझी. हे बोरीच्या पाड्याला जायला पाहिजेत."

 मग मागून एक बाई म्हणाली, "तिची मावशी हाय ना तिथं."

चंदूनं वर्षालीकडं बघितलं. "हाय का?"

"हो," वर्षाली म्हणाली. "सख्खी."

"मग जमलंच की. नारळ आमचा, पायप मावशीला."

दोघंचौघं हसले. हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जीपला टेकून मोबाईल बघत असलेला मुकेश सरळ उभा राहिला.

वर्षालीनं रजिस्टर चंदूच्या हातात दिलं. "हा रकाना बघा. कोरा आहे. बाकीच्या पानांवर भरलाय, ह्याच दिवशी नाही. विहिरीची खोली कठड्यावरून मोजली तर कठड्याची उंची कमी करायला लागते ना, तसंच हे. मी कठडा विसरले. तुमचा पाइप बुडतोय असं लिहिलं, तो बुडत नाहीये. त्यांचा चांगला लिहिला, तो चाललाय."

"हे आकडे मला काय कळतात," चंदू म्हणाला. पण रजिस्टर परत दिलं नाही, पानं मागं-पुढं करून बघत राहिला.

"पायप कळतो का?" देवरामदादा म्हणाला. त्यानं जुना पाइप उचलून चंदूच्या पुढ्यात टाकला. "ठाण्याला प्लंबरचं करतोस ना? आटे बघ. खरवड."

चंदूनं खिशातली किल्ली काढून खरवडलं. परत खरवडलं.

राहीआजी मागून उठली. ती वर्षालीच्या समोर येऊन बसली. "पोरी, तुमच्या मशिनीचं राहू दे. आमचं पाणी हिरड्यानं काळं होतं का?"

वर्षालीला हे सुचलंच नव्हतं. "तुम्ही कधी बघितलं नाही?"

"आम्ही हिरडा विकतो. पाण्यात कशाला घालू."

आजीनं घरातून हिरडा आणला. त्या दिवशीची सगळ्यात पहिली कळशी कुणाच्या घरी आहे ते शोधलं, ती चंदूच्याच घरी निघाली, पहाटे त्याच्या बायकोनं भरलेली. आजीनं पेल्यात पाणी घेतलं आणि दगडावर हिरडा उगाळून त्यात बोट बुडवलं. सगळे वाकून बघायला लागले. पाणी पिवळसर झालं. पिवळसरच राहिलं.

"नाय होत काळं," आजी म्हणाली आणि पेला खाली ठेवला.

"उन्हाळ्यात बंद पडला तर?" चंदूनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"कागद असं नाही सांगत की हे कवच किती वर्षं टिकेल," वर्षाली म्हणाली. "एवढंच सांगतो की ह्या पाण्यात ते बनतं. पण पाइप तुमच्या हातात आहे. मी महिन्याला येऊन मोजीन. बंद पडला तर माझ्या नावानं अर्ज करा, मी नाव लिहून देते."

"लिहून दे," चंदू म्हणाला.

तिनं लिहून दिलं. साहेबांना फोन केला, साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मार्चमध्ये तुझी ऑर्डर आहे, माहितेय ना? 'तांत्रिक कारण' असं लिही."

"०.२० मिळवायचं राहिलं असं लिहिते सर."

"तुझी मर्जी."

देवरामदादानं जुने पाइप परत बोअरमध्ये सोडले, प्रत्येक जोड ग्रीस लावून आवळला. फोडलेल्या नारळाचं खोबरं राहीआजीनं सगळ्यांना वाटलं, वर्षालीलाही दिलं. तिनं चावलं. गोड होतं का माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीचा पाडा. जीपच्या टपावर चौदा पाइप दोरीनं बांधलेले आणि मुकेशनं पूर्ण घाटभर गाडी हळू चालवली, त्याच्यासाठी हे नवीनच होतं. पंपाशी पोचल्यावर देवरामदादानं गड्यांना सांगितलं, "हळू. झटका नाय द्यायचा. एक इंच, एक इंच."

पहिले आठ पाइप निघाले. लाल, फुगलेले, पण निघाले. नववा वर यायला लागला तसा देवरामदादानं हात वर केला. गडी थांबले. जोडाच्या खाली, आट्यांच्या ठिकाणी, पाइपाला बोटाच्या नखाएवढी भोकं होती, तीन. त्या भोकांच्या खाली अजून पाच पाइप आणि सिलेंडर लोंबकळत होते. सगळं वजन त्या उरलेल्या कडेवर.

"क्लॅम्प खाली द्या. भोकांच्या खाली. पायपाला हात नका लावू कुणी."

दोन्ही क्लॅम्प भोकांच्या खाली बसले. देवरामदादानं बोल्ट आवळले, मग परत आवळले, आणि मगच पाना लावला. पाना फिरला आणि आट्यांचा पापुद्रा त्याच्या हातात आला. जुन्या बिस्किटासारखा चुरा झाला. तो चुरा त्यानं वर्षालीच्या ओंजळीत टाकला.

ती तो चुरा धरून उभी राहिली. जानेवारीत तिनं ह्याला मालक म्हटलं होतं. अजून दोन-तीन महिने ह्या पाड्यातल्या बायकांनी रोज शंभर-शंभर वेळा दांडा मारला असता आणि मग एका सकाळी तो हलका झाला असता, एकदम, काही वजनच नसल्यासारखा. चुरा खाली टाकायचा का ठेवायचा ते तिला ठरवता येईना. शेवटी रजिस्टरच्या पिशवीत टाकला.

बाकीचे पाच पाइप आणि सिलेंडर दुपारपर्यंत वर आले. नवीन चौदा खाली गेले. चारच्या सुमाराला वर्षालीनं इलेक्ट्रोड सोडला. आकडा हळूहळू खाली घसरत उणे १.०३ ला थांबला. तिनं चौथ्या रकान्यात ०.२० लिहिलं, पेन दोनदा फिरवून. पाचव्यात उणे ०.८३. ठिपका तळाच्या पट्ट्यात, खोल आत, जिथं तो खरंच असायला पाहिजे होता.

"आता झाला ना मालक?" देवरामदादानं विचारलं.

"जस्त आहे तोवर. हे पाणी जस्तालाही खातं, दादा. सहा पीएच आहे. पुढच्या वेळी इथं जीआय टाकायचाच नाही, प्लॅस्टिकचा नाहीतर स्टेनलेसचा मागायचा. मी रिपोर्टात लिहिते."

"लिहा. ऐकतात का बघू."

चैतीमावशी दिवसभर तिथंच होती, ओट्याच्या कडेला. तिला सगळं कळलं होतं, काकडपाड्याची बातमी रात्रीच येऊन पोचली होती.  पंप परत जोडून झाल्यावर दोन बायका दांडा मारायला लागल्या, आधी गढूळ आणि तेलकट पाणी आलं, ते बराच वेळ वाहू दिलं. मग मावशी म्हणाली, "मी सांगितलं होतं ना तुला, पयल्या कळशीचं."

"सांगितलं होतंस."

"मग ऐकलं का नाय?"

वर्षालीला उत्तर माहीत होतं. तुझा पाडा होता म्हणून. आईला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता म्हणून. मुकेशला कोंबडी घ्यायची होती म्हणून. 

"ऐकू नाही आलं मावशी," ती म्हणाली. "आई गेल्यापासून मला काहीच ऐकू येत नाही."

मावशीनं वाहत्या पाण्याखाली हात धरला. "तुझ्या आईला मी शेवटचं भेटले नाय," ती म्हणाली. "भात झोडायचा होता. उद्या जाते, उद्या जाते म्हणत राह्यले." मग तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. "हे किती वर्षं जाईल आता?"

"चार. फार तर पाच वर्षं पुरेल वरचं जस्त."

"तवर मी असेन का नसेन."

"तू असलीस नसलीस तरी मी मोजायला येणार, दर महिन्याला."

"ये. आणि जेवून जा आता. नागलीची भाकर आहे, काल केलेली."

देवरामदादा आणि मुकेश जीपमध्ये बसले होते. वर्षालीनं त्यांना हातानं थांबा म्हणून खूण केली, रजिस्टर काखेत धरलं आणि मावशीच्या मागं घराकडं चालायला लागली.